‘मोअर’च्या अलीकडे

नोकरीत दहा वर्षं झाली की माणसाला पूर्वी एखादं भिंतीवरचं घड्याळ मिळायचं. आता घड्याळ मिळत नाही, त्याऐवजी स्वतःला पत्र लिहावं लागतं. तेही आजच्या स्वतःला नाही, पहिल्या दिवशीच्या. पत्र पोचणार नाही हे लिहिणाऱ्याला माहीत असतं, म्हणून ते इन्स्टाग्रामवर टाकायचं. ज्याच्यासाठी लिहिलं तो सोडून बाकी सगळे वाचतात.

महामायाला ही रीत नौशादनं सांगितली. चिखलीच्या बियाणं कंपनीत ती उगवण-चाचणीच्या लॅबमध्ये होती आणि नौशाद जाहिरातीचं बघायचा. म्हणजे कंपनीचं पान चालवायचा, आणि कोणाचा वाढदिवस कधी आहे हे त्या माणसाच्या बायकोआधी त्याला कळायचं.

“ताई, शुक्रवारी तुमचे दहा वर्षं होऊन राह्यले,” तो लॅबच्या दारात उभा राहून म्हणाला. आत यायला त्याला बंदी होती. एकदा त्यानं रील काढताना हरभऱ्याचा ट्रे उलटवला होता. “कॅप्शन लिहा. पत्रासारखं. लहानपणीच्या स्वतःले.”

“लहानपणी मी बोरं चोरत होती. तिले काय लिहू?”

“तसं लहानपण नाई हो. जॉइन झाल्या तवाचं. लिंक्डइनवर बंगलोरचे पोरं लिहितेत ना, ‘डिअर यंगर मी’? सेम. फक्त आपलं.”

महामायानं संध्याकाळी लिहायला घेतलं. पहिला खर्डा असा झाला: ‘प्रिय महामाया, आज आपल्या कंपनीत मला दहा वर्षं पूर्ण झाली. या सुंदर प्रवासात मला घडवणाऱ्या सर्वांचे आभार. स्वतःवर विश्वास ठेव. अपयशाला घाबरू नकोस. स्वतःशी दयाळू राहा.’

वाचून तिलाच संशय आला. बावीस वर्षांच्या महामायाला कोणी ‘स्वतःशी दयाळू राहा’ म्हटलं असतं, तर तिनं आधी त्या माणसाला बसायला सांगितलं असतं आणि मग पाणी आणलं असतं. आणि प्रवास म्हणाल तर धामणगाव बढे ते चिखली हा होता. त्यात घाट होता, उभं राहणं होतं आणि शेजारच्या बाईची कोंबडी होती. सुंदर म्हणावं असं त्यात कोंबडी सोडून काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नौशादनं खर्डा वाचला आणि वैद्यासारखा सुस्कारा सोडला.

“ताई, हे त चौकातला बॅनर झालं. फक्त खाली ‘शुभेच्छुक’ टाकाचं राह्यलं.” त्यानं स्वतःचा फोन पुढे केला. “हे पाहा. कॅप्शनमधे बावीसशे अक्षरं बसतेत, पण दिसते किती? एवढंच. दीड-दोन ओळी. मंग तीन टिंबं आन ‘मोअर’. लोकं ‘मोअर’ दाबत नाईत, बोटाले मेहनत होते. तर पयल्या दोन ओळीत असं लिहाचं का त्याईचं बोट आपोआप तठी गेलं पाह्यजे. तुमची पयली ओळ काय हाय? ‘आज आपल्या कंपनीत मला.’ याच्यावर कोण दाबीन? मालकबी नाई दाबणार.”

“मंग दहा वर्षं झाले हे कुठं लिहू?”

“मोअरच्या पलीकडं. अलीकडं फक्त टेन्शन.” त्यानं जरा विचार केला. “घरून कोणी नाई म्हणत होतं का?”

“दादा. आठ दिवस.”

“झालं! हेच पाह्यजे. आन एक सांगू? हे पुण्याची भाषा काढा. तुम्ही स्वतःशी अशा बोलता का?”

महामाया स्वतःशी वऱ्हाडीतच बोलायची. विशेषतः ओल्या कागदाच्या गुंडाळ्या सोडून उगवलेलं, वेडंवाकडं उगवलेलं आणि मेलेलं बी वेगळं करताना ती बऱ्याच गोष्टी बोलायची, ज्या अहवालात येत नसत. त्या रात्री तिनं पुणेरी मराठी बाजूला ठेवली आणि एका बैठकीत लिहून टाकलं. वाचताना पहिल्यांदा तिला वाटलं की आपण हे खरंच कोणाला तरी सांगतोय.

शुक्रवारी संध्याकाळी पोस्ट गेली. सोबत दोन फोटो: एक जुना, एक नवा, मधे दहा वर्षं आणि एक चष्मा. नौशादनं कंपनीचं पान तिच्या पोस्टला जोडून घेतलं, म्हणजे तिला ओळखणाऱ्यांना ती दिसली आणि सोयाबीनच्या नव्या वाणाची वाट पाहणाऱ्यांनाही. हॅशटॅग त्यानंच लिहिले. लाइकचे लाल बदाम यायला लागले. महामायानं फोन चार्जिंगला लावला आणि समाधानानं झोपली.

यात एक गोष्ट ती विसरली होती, आणि ती गोष्ट बावीस वर्षांची होती.

धामणगाव बढ्याला तिच्या दादाची, म्हणजे संघर्षची, मुलगी होती यशोधरा. बीएस्सी झालेली, आत्यासारखीच. तिला जालन्याच्या एका बियाणं कंपनीच्या लॅबमधून बोलावणं आलं होतं आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. संघर्ष शाळेत लिपिक होता. जगात नोकरी म्हणजे सरकारी, बाकी सगळं म्हणजे ‘सध्या कुठंतरी जातो’, असं त्याचं वर्गीकरण होतं. त्यानं मुलीसाठी तलाठी भरती ठरवली होती. भरती निघालेली नव्हती, पण तिची तयारी तीन वर्षं जोरात सुरू होती. यशोधरा रडून, न जेवून, आईमार्फत अर्ज करून थकली होती. शेवटी ठरलं होतं की रविवारी आत्या येईल, जेवेल, आणि जेवणानंतर दादा सैल बसला की विषय काढेल. सगळी भिस्त त्या जेवणावर होती. वहिनीनं त्यासाठी मांडेही ठरवले होते.

शनिवारी सकाळी महामाया पोहे करत होती, तर खाली मोटरसायकल येऊन बंद पडली. बंद केली नव्हती, पडली. जिन्यावर पावलं वाजली आणि दारात संघर्ष उभा राहिला. डोक्याला मफलर, अंगावर स्वेटर, स्वेटरवर घाटातली धूळ, आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

“कुठं हाय?” तो म्हणाला.

“कोण?”

“माया, मले येडा नको बनवू. पोरगी कुठं हाय?”

तो आत शिरला. दोन खोल्यांचं घर होतं, त्यामुळे झडती लवकर संपली. त्यानं पलंगाखालीही वाकून पाहिलं. तिथं सतरंजी होती.

“दादा, यशू घरी नाई का?”

“घरी असती त मी हे पुढचं ‘मोअर’ काढाले आलो अथी?”

“काय काढाले?”

त्यानं खिशातून फोन काढला आणि तिच्या नाकासमोर धरला. व्हॉट्सॲप होतं. पाठवणारे अर्जुनराव: गावातले निवृत्त गृहस्थ, ज्यांनी सोयाबीनच्या भावासाठी तिच्या कंपनीचं पान फॉलो केलं होतं आणि गावाच्या भल्यासाठी बाकी सगळं. त्यांनी पोस्टचा स्क्रीनशॉट पाठवला होता. फोटो वरून कापले गेले होते. खाली महामायाचं नाव आणि एवढा मजकूर:

‘बावीस वर्षाच्या पोरी, उद्या सकाळी सहाच्या एस्टीनं तू निघून राह्यली. दादा नाई म्हणते. म्हणू दे. त्याले इचारू नको. बॅग भर आन निंग. मी पुढं उभी आहो… मोअर’

आणि त्याखाली अर्जुनरावांचं स्वतःचं: ‘संघर्ष, लेकीकडे लक्ष असू द्या. जमाना वाईट आहे. सुप्रभात.’

महामायानं ते वाचलं. गॅसवर पोहे करपायला लागले, तरी तिला कळलं नाही. तिनं पुन्हा वाचलं, या वेळी दादाच्या डोळ्यांनी, आणि एक शब्दही चुकीचा वाटेना. पोरगी बावीसची. दादा नाही म्हणतोय. सहाची एसटी. आणि भाषा घरातली. हेच जर तिनं ‘प्रिय सखी, तुझ्या स्वप्नांना पंख आहेत’ असं लिहिलं असतं, तर कोणी मफलरसुद्धा बांधला नसता.

“दादा, हे तिले नाई लिहिलं. हे मले लिहिलं.”

“तुले कोणं लिहिलं?”

“मीच.”

संघर्ष खुर्चीवर बसला. बहिणीकडे त्यानं जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. “मायाबाई,” तो एकदम मऊ आवाजात म्हणाला, “तुले लॅबमधे औषधाचा वास गिस लागते का?”

“अरे, पुढं वाच ना! ते ‘मोअर’ दाबून पाह्यलं का?”

“घाटाच्या खालपासून दाबून राह्यलो!” तो उसळला. “हे पाय.” त्यानं अंगठ्यानं ‘मोअर’ दाबून दाखवलं. चित्र मोठं झालं. पुन्हा दाबलं, लहान झालं. “राजूर घाटात दोनदा गाडी थांबवून दाबलं. फक्त ‘मोअर’ मोठं होते, मोअर काही येत नाई.”

“तो फोटू हाय दादा. फोटूतलं बटन कसं दबीन?”

“मले काय माहीत? अर्जुनरावनं पाठवलं त मले वाटलं पुरं पाठवलं असन.”

मग हळूहळू सकाळचा वृत्तांत बाहेर आला. मेसेज उजाडायच्या आत वाजला. यशोधराचं अंथरूण रिकामं. फोन बंद. संघर्ष हातात येतील त्या चपला घालून स्टँडवर गेला तर सहाची निघून गेलेली. त्यानं गाडी मागे लावली, मोताळ्याच्या पुढे बस गाठली, आडवी घालून थांबवली, आणि आत चढून एकेका बाकावर वाकून पाहिलं. एका झोपलेल्या मुलीच्या तोंडावरची ओढणी त्यानं बाजूला केली. ती मलकापूरच्या एका फौजदाराची सून निघाली. कंडक्टरनं त्याला ‘काका, उतरा, नाईतर तिकीट घ्या’ म्हटलं. बसमधल्या एकानं व्हिडिओही काढला.

“सून काय म्हणाली?” महामायानं विचारलं.

“ते नको इचारू.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. यशोधरा. त्यानं घाईघाईत स्पीकर सुरू केला.

“बाबा? एवढे कॉल काऊन केले? कोणाले काही झालं का?”

“तू कुठं हायस?”

“अभ्यासिकेत.”

“एवढ्या सकायी?”

“तुम्हीच त बोलले ना का पहाटेचं पाठांतर पक्कं होते म्हणून. परवापासून पाचले येऊन राह्यली. फोन बंद करून बाहेरच्या पेटीत ठेवा लागते. तो नियमबी तुम्हीच सुचवला सरले.” मग ती म्हणाली, “तुम्ही कुठं हा?”

संघर्षनं खोलीकडे नजर फिरवली, जणू उत्तर भिंतीवर असावं. “इथंच. कामानं आलो. ठेव.”

महामायानं तोंडावर पदर धरला. हसत होती की काय, ते तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. कारण रविवारचं जेवण गेलं होतं. आता विषय निघायचा राहिला नव्हता, विषय बस थांबवून, फौजदाराच्या सुनेला उठवून, घाट चढून घरात आला होता. आणि दादा रागात असताना त्यानं कधी कशाला हो म्हटल्याची नोंद नव्हती.

“आण,” संघर्ष म्हणाला. “पुरं दाखव. काय लिहिलं पुढं?”

तिनं स्वतःच्या फोनवर पोस्ट उघडली आणि त्याच्या हातात दिली. “आता दाब.”

त्यानं संशयानं दाबलं. मजकूर खाली उलगडला. तो चष्मा कपाळावर सरकवून, लिपिक वाचतात तसा, ओठ हलवत वाचू लागला.

‘…दहा वर्षं पुढं. म्हणजे मी तूच आहो, फक्त चष्मा लागला. पयल्या दिवशी तुले सोयाबीनचे दाणे मोजाले देतीन. तू म्हणशीन, याच्यासाठी बीएस्सी केली का? मोज. पयल्या महिन्यात तू बाथरूमात जाऊन रडशीन. नळ चालू करून रड, आवाज येत नाई. दादा म्हणते, खासगी हाय, उद्या काढून टाकतीन. तो उद्या अजून उजाडला नाई. उजाडला त पाहू. ओल्या कागदात गुंडाळून ठेवलेले सारेच दाणे उगवणार नाईत. जे नाई उगवले त्याईले लगेच मेलेलं लिहू नको. कधी कधी दाणा बरा असते, कागदच वाळला असते. हे तुले कोणी सांगणार नाई, म्हणून मी सांगून राह्यली. आन डबा दोघीचा नेत जा. पयल्या दिवशी जिच्याजवळ बसशीन, ती दहा वर्षं राहीन.’

त्यानं एकदा वाचलं. मग अंगठ्यानं वर सरकवून पुन्हा पहिल्या ओळीवर गेला. महामाया करपलेले पोहे खरवडत त्याच्याकडे बघत होती.

“चांगलं हाय,” तो म्हणाला. “अक्षर सुवाच्य हाय.”

“टाइप केलेलं हाय दादा.”

“पण हे खोटं हाय.”

“काय खोटं?”

“हे. ‘त्याले इचारू नको. बॅग भर आन निंग.’ तू अशी गेल्ती का?” त्याचा आवाज आता चढलेला नव्हता. “सांग ना. न इचारता गेल्ती?”

महामायानं झारा खाली ठेवला. “आठ दिवस तू नाई म्हणत होता.”

“आठ दिवस म्हणत होतो. नवव्या दिवशी?”

ती पदराला हात पुसू लागली.

“नवव्या दिवशी तुह्यी बॅग कोणाच्या डोक्यावर होती? स्टँडपर्यंत? चेन तुटली होती तिची, सुतळीनं बांधली होती मी. ड्रायव्हरच्या मागची जागा कोणं धरली? आन खिडकीतून काय बोललो होतो मी?”

“‘काढलंच त वापस येजो. घर कुठं पळून नाई गेलं,’” महामाया म्हणाली.

“मंग ते कुठं हाय यात?” त्यानं फोन तिच्यापुढे धरला. “एवढे सारे अक्षरं बसले यात. माह्या ‘नाई’चे बसले, आन ‘हाव’चे नाई बसले?”

नौशाद म्हणाला होता, अलीकडे फक्त टेन्शन. आणि तिला ते पटलं होतं, हेच तिला आता बोचत होतं. नाही म्हणणारा दादा दोन ओळींत बसत होता आणि चांगला दिसत होता. आठ दिवस नाही म्हणून नवव्या दिवशी सुतळी शोधणारा दादा कुठल्याच ओळीत बसेना, म्हणून तिनं तो काढून टाकला. चारशेपेक्षा जास्त लोकांनी त्या काढून टाकण्याला बदाम दिले होते.

“बदलता येते,” ती म्हणाली. “वरचे तीन ठिपके दाबले की एडिट. बदाम तसेच राहतेत. फक्त खाली ‘एडिटेड’ येते.”

“येऊ दे. शाळेच्या रजिस्टरमधे खाडाखोड केली की आम्हीबी सही करतो.” त्यानं खुर्ची पुढे ओढली. “लिही. मी सांगतो.”

“तू?”

“मी होतो ना तठी.”

तिनं एडिट उघडलं. पहिली ओळ तशीच ठेवली. ‘दादा नाई म्हणते’ तसंच ठेवलं. ते खरंच होतं. ‘त्याले इचारू नको’ तिनं एकेक अक्षर मागे घेत पुसलं. संघर्ष सांगू लागला, ती लिहू लागली.

“‘दादा आठ दिवस नाई म्हणीन,’” तो म्हणाला. “लिहिलं? ‘त्याचा राग धरू नको. त्याले भेव वाटते.’”

“भेव?”

“लिही न बाप्पा. ‘त्याले भेव वाटते का पोरगी एकटी पडीन, आन त्याले ते बोलता येत नाई म्हणून तो तलाठ्याचं…’” तो थांबला.

महामायाची बोटंही थांबली. दहा वर्षांपूर्वी तलाठ्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा दादाचं म्हणणं बँकेच्या परीक्षेचं होतं. तिनं वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो थांबलाच असता. ती एवढंच म्हणाली, “‘म्हणून तो तलाठ्याचं.’ पुढं?”

संघर्षनं मफलर सोडला आणि मांडीवर ठेवून त्याच्या घड्या घालू लागला. बराच वेळ घातल्या.

“‘तलाठ्याचं नाव घेते,’” तो शेवटी म्हणाला. “तेवढं खोड. ते दुसऱ्या पत्रातलं आलं.”

तिनं खोडलं. मग तिनं त्याला पोहे दिले आणि त्यानं करपलेल्या भागाबद्दल काही म्हटलं नाही, ही घरातल्या इतिहासात नवीन गोष्ट होती. अर्धी प्लेट झाल्यावर त्यानं विचारलं, “ते जालन्याचं. लॅबमधे पोरी किती हायेत?”

“निम्म्याच्या वर. माह्यासंगची एकजण हाय तठी. तिच्याच शेजारी खोली पाह्यली यशूसाठी.”

“म्हणजे तुम्ही खोलीबी पाह्यली.”

“पाहून ठेवली. घेतली नाई.”

तो खात राहिला. मग त्यानं डाव्या हातानं फोन उचलून यशोधराला लावला. या वेळी पहिल्याच रिंगला उचलला गेला.

“यशू, सोमवारी सहाच्या गाडीनं जाऊ नको.”

पलीकडून एक बारीक आवाज, रडण्याच्या अलीकडचा. “बाबा, पण…”

“ऐकून घे पुरं. मधूनच नको तोडू.” तो जरा घुटमळला. “ती गाडी घाटात लय हळू चालते. आज मी मागं होतो, मले माहीत हाय. सातनंतरची घे. मी संगं येतो जालन्यापर्यंत. खोली पाहीन, मंग पुढचं. आन तलाठ्याचा फॉर्म निंगला त भराचाच, सांगून ठेवतो. भराले काय जाते?”

फोनमधून अभ्यासिकेबाहेरचा रस्ता ऐकू येत होता. कुठेतरी भाजीवाला ओरडत गेला. मग यशोधरानं सावधपणे विचारलं, “बाबा, तुम्ही खरंच बोलून राह्यले, का आत्यानं लिहून देलं?”

“मीच बोलून राह्यलो,” संघर्ष म्हणाला. “आता जाय घरी, आन मायले सांग, उद्या मांडे कराचे हायेत ते कर म्हणा. आन माह्यी दुसरी चप्पल कोणाच्या पायात हाय, ते पाय.”